मामा कोणाचा कोण?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतला, की पहिल्या पेपरात नातेसंबंधांचं प्रकरण एका ठिकाणी भेटतं आणि संशोधनपद्धतींचं दुसरीकडे. पहिल्यात रक्ताचे नातेवाईक, लग्नाने जोडलेले नातेवाईक, वंशगट, नात्यांची संबोधनं, वंश आणि सोयरीक. दुसऱ्यात निरीक्षण, मुलाखत, प्रश्नावली यांच्या रांगेत ‘वंशावळ’ हा एक शब्द. मुलं साहजिकच दोन वह्या करतात. नात्यांच्या वहीत व्याख्या जातात, पद्धतींच्या वहीत साधनांचे फायदे-तोटे जातात, आणि मग ‘वंश-सिद्धांत व सोयरीक-सिद्धांत यांची तुलना करा’ असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकेवर दोन रकान्यांचा तक्ता उमटतो. डावीकडे ब्रिटिश, उजवीकडे फ्रेंच. डावीकडे आफ्रिका, उजवीकडे दक्षिण भारत. सगळं बरोबर असतं आणि तरीही वाचणाऱ्याला कळत नाही, की हे लोक नक्की कशावरून भांडत होते.

मी काही वर्षं पुण्यातल्या एका अभ्यासिकेत या विषयाची उत्तरं वाचून देते. माझं स्वतःचं शिक्षण याच विषयातलं, आणि नातेसंबंध हा त्यातला माझा सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. मुलांना मी एकच आग्रह करते: या दोन वह्या एक करा. नात्याची प्रत्येक व्याख्या कोणीतरी, कुठेतरी, कुणाला तरी विचारलेल्या प्रश्नातून निघालेली आहे. तो प्रश्न टिपणात ठेवला, तर व्याख्या छोटी करूनही जिवंत राहते. प्रश्न गाळला, तर उरतात ती पाठ केलेली वाक्यं, आणि दोन पाठ वाक्यांची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून करू या. 1898 मध्ये केंब्रिजहून एक मोहीम ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तीत विल्यम रिव्हर्स होते. पेशाने डॉक्टर, कामाने मानसशास्त्रज्ञ. तिथल्या लोकांची दृष्टी आणि इतर संवेदना तपासायला आलेले. अशा क्षमता एकाच घराण्यात उतरतात का हे पाहायचं, तर कोण कोणाचा कोण हे आधी माहीत हवं. त्यासाठी त्यांनी लोकांच्या वंशावळी लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि दृष्टीच्या चाचणीसाठी केलेली ही सोय हळूहळू मानवशास्त्राची एक प्रमुख पद्धत होऊन बसली. 1910 मध्ये त्यांनी ती एका लेखात मांडली. आजही ‘वंशावळ पद्धत’ म्हणून जे शिकवलं जातं, त्याचा पाया तोच लेख आहे.

पद्धतीचं मर्म असं, की नात्याचे शब्द वापरायचे नाहीत. निदान पहिल्या फेरीत नाहीत. बाप, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द घेऊन बसायचं आणि माणसांची नावं विचारायची. तुझ्या बापाचं नाव काय? ज्या बाईने तुला जन्म दिला तिचं नाव काय? तिला आणखी मुलं झाली का, थोरल्यापासून सांग. त्यांची लग्नं कोणाशी झाली, त्यांना मुलं कोण? असं करत माहीत असतील तेवढ्या पिढ्या वर जायचं आणि मग आडवं पसरायचं. हा तक्ता पुरा झाल्यावर दुसरी फेरी: या अमुक नावाच्या माणसाला तू काय म्हणतोस? तो तुला काय म्हणतो? आता एक-एक संबोधन एका-एका खऱ्या माणसावर येऊन बसतं. ‘तुमच्यात मामा म्हणजे कोण?’ असा गोल प्रश्न विचारायचीच गरज पडत नाही. गोल प्रश्नाला गोल उत्तर येतं, आणि तेही बहुधा विचारणाऱ्याच्या भाषेतल्या नात्याला जुळवून घेतलेलं.

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातली एक मुलगी अभ्यासिकेत यायची. तिला म्हटलं, हे पाठ करू नकोस, तुझ्या घराचा तक्ता कर. आजीला फोन लाव.

“पण ताई, आमचं घर मला माहितीय की.”

“मग तुला काय माहीत नाही ते कळेल.”

तिने केला, आणि त्या तक्त्यातून पद्धतीच्या अडचणी पुस्तकापेक्षा नीट दिसल्या. पहिली म्हणजे लहानपणी गेलेली मुलं. आजीने सहा भावंडं सांगितली. दोन दिवसांनी बोलता बोलता आणखी दोन निघाली. ‘वारलेली धरून’ असं प्रत्येक वेळी म्हणावं लागतं. दुसरी, लग्न होऊन गेलेल्या मुली. पणजोबांच्या पिढीतले सगळे पुरुष आजीला नावानिशी ठाऊक होते आणि बहिणींपैकी एकच, कारण तिच्याच घरी पुढे सोयरीक झाली होती. तिसरी अडचण खास आपल्याकडची. लग्नात बायकांचं नाव बदलायची रीत होती, त्यामुळे एकच बाई तक्त्यावर दोनदा आली: माहेरच्या नावाने एका बाजूला आणि सासरच्या नावाने दुसऱ्या बाजूला. हे लक्षात आलं ते दोन्ही ‘बायकां’च्या मुलांची नावं तीच निघाली म्हणून. उपाय एकच, माहेर आणि सासर अशा दोन्हींकडच्या माणसांकडून वेगवेगळी वंशावळ घ्यायची आणि एकमेकींवर ठेवून पाहायची.

दोन नावं एका बाईची ठरवून तिला एका जागी आणलं, तर चित्रात एक वेटोळं तयार झालं. आजीच्या वडिलांच्या बहिणीकडून खाली आलं तरी आजोबा भेटत होते आणि आजीच्या नवऱ्याकडून गेलं तरी तेच. म्हणजे आजीचं लग्न तिच्या आतेभावाशी झालेलं होतं. आजोबांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी मामाची मुलगी केली होती. तक्त्यात एकाच माणसापर्यंत दोन वाटांनी पोहोचता आलं, तर तिथे नात्यातलं लग्न आहे, हे ओळखायची याहून भरवशाची खूण नाही. घरात हे कोणी तिला सांगितलं नव्हतं; लपवलंही नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र रिव्हर्स यांना फार लवकर भेटली, तीही भारतात. 1901-02 मध्ये ते निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून काम करत होते. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1906 चं. तोडांमध्ये मेलेल्या नातेवाइकांची नावं घेणं निषिद्ध. ज्या पद्धतीचा सगळा डोलारा नावांवर उभा, तिला हा केवढा अडथळा! त्यांनी मग एकाची वंशावळ दुसऱ्या घरच्या माणसाकडून घ्यायला सुरुवात केली. पण खरी अडचण नावांची नव्हती, ‘बाप’ या शब्दाची होती. तोडांमध्ये एका स्त्रीचे अनेक नवरे असत, बहुधा सख्खे भाऊ. तिला दिवस गेले, की गर्भारपणाच्या उत्तरार्धात एक विधी व्हायचा, त्यात नवऱ्यांपैकी एकजण तिला धनुष्यबाण द्यायचा. ज्याने धनुष्य दिलं तो मुलाचा बाप. पुढची मुलंही त्याचीच, दुसऱ्या कोणी धनुष्य देईपर्यंत, मग मधल्या काळात तो मेला असला तरी.

इथे टिपणातली पहिली व्याख्या करता येते. शास्त्रात जनक आणि पिता असा भेद करतात: ज्याच्यापासून गर्भ राहिला तो जनक, समाज ज्याला बाप मानतो तो पिता. मुलं ही व्याख्या या एका वाक्यात लिहितात आणि पुढे जातात. मी म्हणते, त्याखाली दोनच ओळी आणखी लिहा. एक, हे कशावरून कळलं: तोडांचं धनुष्य. दोन, पद्धतीला त्यामुळे काय झालं: वंशावळीत बापाच्या जागी जे नाव आलं ते विधीने ठरलेलं आहे, म्हणजे तक्ता रक्ताचा नाही, मान्यतेचा आहे. हवं तर एव्हान्स-प्रिचर्ड यांनी दक्षिण सुदानातल्या नुएर लोकांबद्दल लिहिलेलं उदाहरण जोडा. तिथे मूलबाळ नसताना मेलेल्या माणसाच्या नावाने त्याचा नातलग लग्न करतो आणि होणारी मुलं त्या मेलेल्याची धरली जातात. व्याख्या, तिला जन्म देणारी जागा आणि ती जिथे अडते ती जागा अशा तीन गोष्टी एकत्र असल्या, की दहा गुणांच्या टिपेचा निम्मा भाग हातात असतो.

आता तुलनेकडे. इथेच बहुतेक उत्तरं घसरतात, म्हणून एकच माणूस धरून दोन्ही पंथ तपासू या. तो माणूस मामा.

वंश-सिद्धांताच्या ब्रिटिश पंथातले रॅडक्लिफ-ब्राउन यांचा दक्षिण आफ्रिकेतल्या मामावरचा निबंध 1924 चा. त्यांच्यापुढे कोडं होतं ते असं: थोंगा लोक पितृवंशीय आहेत, जमीन-गुरं-नाव सगळं बापाकडून येतं, तरीही मामाशी भाच्याची सलगी विलक्षण. भाचा मामाकडे हक्काने खातो, त्याच्या वस्तू उचलतो, मामा रागावत नाही. थोंगांबद्दलची सविस्तर माहिती हेन्री जुनो या मिशनऱ्याने आधीच लिहून ठेवली होती, आणि जुनोच्या मते हा जुन्या मातृवंशीय व्यवस्थेचा अवशेष होता. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी तो तर्क नाकारला. ज्या इतिहासाचा पुरावा नाही त्याने आजचं वागणं समजावून सांगायचं नाही, हे त्यांचं ठाम म्हणणं. त्यांचं उत्तर घरातल्या भावनांपाशी होतं. बापाचा धाक, आईची माया. बापाबद्दलची भावना त्याच्या भावंडांपर्यंत पसरते, म्हणून आत्याला मान, जणू ती स्त्रीरूपातला बाप. आईबद्दलची भावना तिच्या भावंडांपर्यंत पसरते, म्हणून मामा म्हणजे पुरुषरूपातली आई. मेयर फोर्टेस यांनी पुढे हाच धागा ‘पूरक’ नात्याच्या कल्पनेपर्यंत नेला: वंश बापाकडून चालतो, पण माणूस आईचंही लेकरू असतो, आणि आईकडचा हा दुवा वंशाच्या कडक चौकटीला पूरक ठरतो.

आता सोयरीक-सिद्धांताच्या फ्रेंच पंथातले लुई द्युमाँ. 1949-50 मध्ये ते मदुराईच्या परिसरात प्रमलै कळ्ळर या समाजात राहिले आणि 1953 मध्ये त्यांनी द्राविडी नात्यांच्या संबोधनांवर एक छोटा लेख लिहिला. तमिळमध्ये आईचा भाऊ, आत्याचा नवरा आणि सासरा या तिघांना एकच शब्द आहे. बापाची बहीण, मामाची बायको आणि सासू या तिघींनाही एकच. आधीच्या अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला होता, की इथे मामा म्हणजे मुळात रक्ताचा नातेवाईक, आणि त्याच्या मुलीशी लग्न होतं म्हणून तो सासराही होतो. द्युमाँनी गाडी उलटी फिरवली. मामा हा आधी माझ्या बापाचा मेहुणा आहे. बाप आणि मामा यांच्यातलं नातं लग्नाचं आहे, आणि ते नातं त्यांच्याबरोबर संपत नाही. माझ्या पिढीत माझ्या आणि मामाच्या मुलाच्या वाट्याला तेच येतं. म्हणजे रक्त जसं पिढ्यान्‌पिढ्या उतरतं, तशी सोयरीकही उतरते. प्रत्येक पिढीत आपली माणसं दोन गटांत पडतात, भाऊबंद आणि सोयरे, आणि मामा दुसऱ्या गटातला.

आपल्याकडे भावकी आणि सोयरेधायरे हा भेद गावातल्या कोणत्याही माणसाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मराठी विद्यार्थ्याला द्युमाँ खरं तर लवकर कळायला हवेत. न कळण्याचं कारण एवढंच, की परीक्षेच्या टिपणात ‘वंश-सिद्धांत: गटाची रचना, सोयरीक-सिद्धांत: स्त्रियांची देवाणघेवाण’ असं लिहिलेलं असतं. ते वाक्य लेव्ही-स्ट्रॉस यांच्या 1949 च्या ग्रंथाचं ओझरतं सार म्हणून चालेल. पण तेवढ्यावर तुलना केली तर दोन सिद्धांत दोन वेगळ्या विषयांवर बोलत आहेत असं वाटतं. मामाच्या बाबतीत ते एकाच माणसावर बोलतात. रॅडक्लिफ-ब्राउन विचारतात, भाचा मामाशी असा का वागतो? त्यासाठी ते वागण्याच्या नोंदी घेतात, आणि त्या दुसऱ्याने केलेल्या. द्युमाँ विचारतात, मामा, आत्याचा नवरा आणि सासरा यांना एका शब्दात का गोवलं आहे? त्यासाठी त्यांना संबोधनांचा पूर्ण संच लागतो, म्हणजे रिव्हर्स यांची दुसरी फेरी, आणि तिच्याबरोबर लग्न-बारशातल्या आहेरांचा हिशेब. पहिल्याचा मामा माझ्यापासून आईच्या वाटेने गाठला जातो. दुसऱ्याचा मामा बापाच्या लग्नाच्या वाटेने. एका तक्त्यावर दोन रेघा ओढून हे दाखवता येतं आणि परीक्षकाला ते एका नजरेत कळतं.

सांगलीच्या मुलीच्या तक्त्यावर आम्ही हेच करून पाहिलं. दुसऱ्या फेरीत तिने आईला विचारलं, तू सासऱ्यांना काय म्हणायचीस? मामंजी. सासूला? आत्याबाई. आईचं माहेर दूरच्या तालुक्यातलं, सासरशी आधीचं काही नातं नाही. तक्त्यात कुठलंही वेटोळं नव्हतं. तरी संबोधनं सगळी नात्यातल्या लग्नाची. ती म्हणाली, आजीच्या वेळी खरंच तसं झालं होतं, तेव्हाची सवय राहिली असेल. हे उत्तर चांगलं होतं, पण पुरेसं नव्हतं, म्हणून आम्ही एकेक शब्द लावून पाहिला.

आजीची सासू तिची खरोखर आत्या. तेव्हा ‘आत्याबाई’ अक्षरशः बसतं. पण आजीचा सासरा तिच्या आत्याचा नवरा होता, आईचा भाऊ नव्हता. सून सासऱ्याला मामा म्हणते आणि तो खरोखर तिच्या आईचा भाऊ असेल, तर लग्न मामेभावाशी झालं पाहिजे, म्हणजे मुलाने आत्याची मुलगी केली पाहिजे. आणि महाराष्ट्रात नेमकं तेच अनेक समाजांत चालत नाही. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात ही गोष्ट नोंदवली आहे: मराठा-कुणब्यांत मामाची मुलगी करणं पसंतीचं, आत्याची मुलगी करणं वर्ज्य. भारताचे त्यांनी जे चार विभाग पाडले त्यांत महाराष्ट्र मध्य विभागात येतो, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींची सरमिसळ असलेला. मग ‘आत्याबाई’ आणि ‘मामंजी’ ही जोडी एका लग्नातून कशी येईल?

उत्तर तिच्याच तक्त्यात होतं. तिच्या घरी आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. पुष्कळ मराठी घरांत म्हणतात. काही ठिकाणी आतोबा म्हणतात. तमिळप्रमाणेच इथे आईचा भाऊ आणि आत्याचा नवरा एका शब्दात आले. दोघांच्या रक्ताचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक आईचा भाऊ, दुसरा बापाच्या बहिणीचा नवरा. त्यांच्यात समान काय, तर दोघेही माझ्या बापाचे मेहुणे. एकाची बहीण बापाने केली, दुसऱ्याने बापाची बहीण केली. हे लक्षात आलं तेव्हा ती मुलगी थोडा वेळ तक्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मामा हा शब्द आईवरून नाहीच, बाबांवरून आहे.” द्युमाँचं म्हणणं तिने मिरजेच्या पलीकडच्या एका घरावरून सिद्ध केलं होतं.

पण पूर्ण नाही, आणि हे ‘पण’ तुलनेत यायलाच हवं. तमिळमध्ये आत्या आणि मामी यांना एकच शब्द आहे; मराठीत दोघी वेगळ्या. द्युमाँचं चित्र जिथे आरशासारखं दोन्ही बाजूंना सारखं उमटतं, तिथे आपल्याकडे एकच बाजू उमटते. शिवाय भावनेचा प्रश्न उरतोच. जावळ काढताना, कान टोचताना मूल मामाच्याच मांडीवर का बसवतात? लग्नात मुलीला बोहल्यावर मामाच का आणतो? द्युमाँ म्हणतील, सासऱ्याने जावयाला दिलेलं एका पिढीनंतर मामाने भाच्याला दिलेलं होतं. तीच सोयरीक, तोच आहेर, देणारं घर तेच. हे मला पटतं. त्या मुलीच्या आजीने लग्नांच्या आहेराची वही जपून ठेवली होती, तीत दोन पिढ्या एकाच घराण्याकडून आलेले आहेर दिसतात. पहिल्या वेळी सासऱ्याचे म्हणून आणि दुसऱ्या वेळी मामाचे म्हणून. पण भाचा मामाच्या घरी सुट्टीत जाऊन हक्काने हट्ट करतो, ते आहेराच्या हिशेबातून निघत नाही. आत्याचा नवराही मामाच; त्याच्याशी असा हट्ट कोणी करत नाही. तिथे रॅडक्लिफ-ब्राउन यांचं आईच्या मायेचं स्पष्टीकरण अजून उभं आहे. दोघांपैकी एकाला जिंकवायची घाई केली, की तक्त्यातली निम्मी माहिती वाया जाते.

म्हणून दीडशे शब्दांत उत्तर लिहायचं तर मी तक्ता काढू देत नाही. एक परिच्छेद लिहायला लावते. तिने शेवटी लिहिलेला मला आवडला, तो साधारण असा होता:

‘वंश-सिद्धांत नात्याचा पाया जन्मात शोधतो. रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या मते पितृवंशीय समाजात मामाशी असलेली सलगी ही आईबद्दलच्या भावनेचा विस्तार आहे. फोर्टेस त्याला वंशाला पूरक असा आईकडचा दुवा म्हणतात. सोयरीक-सिद्धांत नात्याचा पाया लग्नात शोधतो. द्युमाँ यांच्या मते द्राविडी संबोधनांत मामा हा बापाचा मेहुणा असून हे सोयरपण पुढच्या पिढीत वारशाने उतरतं. पहिला सिद्धांत वागण्याच्या नोंदींवर उभा आहे, दुसरा संबोधनांच्या पूर्ण संचावर. आईचा भाऊ आणि आत्याचा नवरा यांना एकच संबोधन का, हे पहिल्याला सांगता येत नाही. त्या दोघांशी वागणं वेगळं का, हे दुसऱ्याला सांगता येत नाही. महाराष्ट्रात सून सासऱ्याला मामंजी म्हणते, परंतु अनेक समाजांत आत्याच्या मुलीशी विवाह निषिद्ध आहे. म्हणून संबोधनावरून प्रत्यक्ष विवाहप्रथा थेट ठरवता येत नाही.’

यातलं शेवटचं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण ते क्षेत्रकार्यातून आलं आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मॉर्गन यांच्या 1871 च्या ग्रंथापासून एक मोह चालत आला आहे: संबोधनं गोळा करायची आणि त्यावरून लग्नाच्या रीती, कधी-कधी तर लोप पावलेल्या रीतीही, ताडायच्या. मॉर्गन यांची बरीचशी माहिती जगभर पाठवलेल्या छापील अनुसूचींतून, म्हणजे कोणत्या नात्याला काय म्हणतात हे भरून द्यायच्या याद्यांतून, आली होती. अनुसूचीत शब्द येतो. शब्द ज्या माणसाला लागतो त्या माणसाच्या आयुष्यात काय घडलं ते येत नाही. ‘अनुसूची आणि वंशावळ यांतला फरक’ असा प्रश्न पद्धतींच्या भागात आला, तर याच मामंजींचं उदाहरण तिथेही लिहिता येतं. फक्त अनुसूची भरली असती, तर त्या घरात मामेभावाशी लग्नं होतात असा निष्कर्ष निघाला असता. वंशावळीने तो खोटा ठरवला.

आणखी एक नाव टिपणात हवं, पण तिसरा रकाना म्हणून नको. डेव्हिड श्नायडर यांनी 1947-48 मध्ये पॅसिफिकमधल्या याप बेटावर क्षेत्रकार्य केलं होतं. तेव्हा तिथला ताबिनाव हा गट त्यांनी पितृवंशीय कुळी म्हणून मांडला: बाप, मुलगा, वंश, सगळं ओळखीचं. 1984 च्या पुस्तकात त्यांनी स्वतःचीच ती मांडणी पुन्हा तपासली आणि ती मोडून काढली. ज्याला ते बाप-मुलाचं नातं म्हणत होते, ते याप लोकांच्या दृष्टीने जमिनीचं आणि कष्टाचं नातं होतं. धाकट्याने थोरल्याचं केलं नाही, तर तो त्या नात्यातून काढला जाऊ शकत असे आणि जमीन करणाऱ्याला मिळत असे. रक्ताचं नातं असं काढून टाकता येत नाही. म्हणजे ते नातं आपण समजतो तसं रक्ताचं नव्हतंच. श्नायडर यांचा रोख रिव्हर्स यांच्या पहिल्या फेरीवर आहे. ‘तुला जन्म देणारी बाई कोण’ हा प्रश्न विचारला, की उत्तर वंशावळच येणार. ती त्या लोकांच्या लेखी महत्त्वाची आहे की नाही, हे त्या प्रश्नातून कधीच कळणार नाही. वंश-सिद्धांत आणि सोयरीक-सिद्धांत दोघेही ही वंशावळ गृहीत धरून वाद घालतात. श्नायडर त्या वादात तिसरी बाजू घेत नाहीत. ज्या कागदावर वाद चालला आहे तो कागद कोणी आखला, असं विचारतात.

हे वाचल्यावर त्या मुलीने आपल्या तक्त्याला तिसरी फेरी जोडली. प्रश्न तिनेच ठरवले: सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे, ती जमीन प्रत्यक्षात कोण कसतं, म्हातारपणी कोणाला कोणी सांभाळलं, अग्नी कोणी दिला. पहिल्या दोन फेऱ्यांत जी माणसं तक्त्याच्या कडेला होती त्यांतली काही इथे मधोमध आली. चुलत पणजोबांना मूल नव्हतं, त्यांनी मेहुण्याचा मुलगा आणून सांभाळला होता. दत्तकाचा विधी झाला नव्हता, वंशावळीत त्याला रेघ नाही. जमीन मात्र त्याने कसली, अग्नी त्याने दिला, आणि घरातली सगळी मुलं त्याला काका म्हणतात. सोयऱ्याच्या घरचा मुलगा भाऊबंद झालेला. द्युमाँची विभागणी इथे थांबते, रॅडक्लिफ-ब्राउन यांची मायाही आईच्या वाटेने इथपर्यंत येत नाही. मी तिला सांगितलं, वीस गुणांचा प्रश्न आला तर उत्तराचा शेवट या माणसावर कर, आणि तो तक्त्यात कुठे काढायचा हे ठरलं नसेल तर तसंच लिही.